क्लायंट म्हणतो "फक्त मॉडर्न करा": लोगो काढण्याआधी नक्की काय विचारायचं?

शलाका_कराड

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून स्वतंत्रपणे डिझाइनची कामं करते. एका कामात पार अडकलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

क्लायंटचा शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा आहे, कराडपासून जवळच्या एका गावात. वडिलांनी तीस वर्षांपूर्वी सुरू केला, आता मुलगा बघतो. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या लोगोचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: "ताई, लोगो जुना वाटतोय. फक्त मॉडर्न करून द्या. बाकी तुमच्यावर सोडतो."

जुना लोगो असा आहे. गोलाच्या आत घाणा ओढणारा बैल, खाली शेंगांचा झुपका, वर कमानीसारखं वळवलेलं मराठी नाव. अक्षरं पिवळी, त्यांना लाल सावली.

मी तीन पर्याय केले. एकात शेंग एका रेघेत काढली, एकात तेलाचा थेंब, एकात नुसती अक्षरं. उत्तर आलं, "छान आहेत, पण मॉडर्न वाटत नाहीत." मग आणखी चार केले. त्यावर, "पहिल्यातला रंग आणि पाचव्यातली शेंग एकत्र करता येईल का?" तसं करून पाठवलं. त्याला आता चार दिवस झाले, उत्तर नाही. ८,००० रुपये ठरलेत, निम्मे मिळाले आहेत.

माणूस वाईट नाही. अगदी ताई-ताई करून बोलतो. पण त्याच्या डोक्यात काय आहे ते माझ्यापर्यंत येत नाहीये. "मॉडर्न म्हणजे काय" असं थेट विचारलं तर म्हणाला, "म्हणजे असं एकदम क्लीन, प्रीमियम." हे तर त्याहून धूसर झालं. समोरच्याला परीक्षा घेतल्यासारखं न वाटता कामाची माहिती कशी काढता तुम्ही?

गोलचौकट

मॉडर्नचा अर्थ आता बराचसा ठरलेला आहे. सावल्या काढा, ग्रेडियंट काढा, दोन रंग ठेवा, अक्षरं सरळ आणि एकसारख्या जाडीची घ्या. बैल वगैरे चित्रं काढून एखादी साधी खूण ठेवा. नाव इंग्रजीत मोठं, मराठी हवं तर खाली बारीक. पुण्या-मुंबईच्या शेल्फवर असंच चालतं.

आणि यापुढे काम घेतानाच गूगल फॉर्म पाठवत जा. माझा ४२ प्रश्नांचा आहे. तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता, तुमचे तीन स्पर्धक कोण, आवडते रंग कोणते, सगळं त्यात आहे. फॉर्म भरल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही.

अक्षरजुळणी

शलाका, "मॉडर्न म्हणजे काय" हा प्रश्न त्याला सुटणार नाही, कारण तो शब्द त्याने कुठून तरी उचललेला आहे. त्याला विचार, "हे डोक्यात कधी आलं? त्या दिवशी काय झालं होतं?" तीस वर्षं चाललेला लोगो कुणी सहज म्हणून बदलत नाही. कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. दुकानदार बोलला असेल, शेजारी नवा घाणा सुरू झाला असेल, लग्नात कुणी टोमणा मारला असेल. ती घटना हाती लागली की काम काय आहे ते कळतं. निम्म्या वेळा असं दिसतं की दुखणं लोगोचं नव्हतंच.

मी २६ वर्षं या धंद्यात आहे, स्क्रीन प्रिंटिंगपासून सुरुवात केली. प्रश्नांचा कागद मीही ठेवतो, पण तो माझ्या खिशात असतो, क्लायंटच्या हातात देत नाही. तेल गाळणाऱ्या माणसाला "ब्रँड माणूस असता तर" विचारलं की तो गोंधळतो आणि आपल्याला आवडेल असं उत्तर शोधायला लागतो. त्याला त्याच्या दिवसाबद्दल विचार. सकाळी पहिलं गिऱ्हाईक कोण येतं? काय म्हणून मागतं? सगळ्यात जास्त काय खपतं, सुटं की बाटली? परत कोण येत नाही? ही उत्तरं तो झोपेतही देईल.

तू अजून तिथे गेलेली दिसत नाहीस. जा, दोन तास बस. जिथे जिथे हे नाव छापलंय, रंगवलंय, चिकटवलंय त्या प्रत्येक जागेचा फोटो काढ. बिलबुक, शिक्का, टेम्पो, खोकं, झाकण, सगळं.

गोलचौकट, सावल्या काढायच्या हे बहुतेक वेळा बरोबरच ठरतं, पण कारण वेगळं आहे. स्टेट बँकेची निळी गोल खूण १९७१ साली एनआयडीच्या शेखर कामतांनी केली. आज पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी ती कुणाला जुनी वाटत नाही, कारण ती पासबुकावरच्या शिक्क्यातही तीच दिसते आणि इमारतीवरच्या पाटीतही तीच. सपाट असण्याचा फायदा असा वापरात दिसतो. फॅशन म्हणून सपाट केलेले लोगो पाच वर्षांत एकमेकांसारखे दिसायला लागतात.

पापडवाली_विजया

माझा पण असाच प्रॉब्लेम आहे हो. घरगुती पापड-कुरडयांचा व्यवसाय आहे, नाशिकला. मोबाइलवर एकाने ५०० रुपयांत लोगो करून दिला. लाटणं हातात घेतलेली बाई, अगदी बारीक रेघांची, नाजूक, नथ पण दिसते. मला फार आवडलेला. पण शिक्का करायला दिला तर शिक्केवाला म्हणाला, नथ आणि चेहरा एक होणार. झालंही तसंच, नुसता काळा ठिपका उठतो. मग अ‍ॅप्रनवर भरतकाम करायला गेले तर त्याने नाहीच म्हटलं. ८,००० खूप जास्त नाहीत का? एवढ्यात काय काय देतात? शलाकाताई, तुम्ही नाशिकची कामं घेता का?

अक्षरजुळणी

विजयाताई, तुमचं उदाहरण अगदी मोक्याचं आहे. तुम्हाला कुणी आधी विचारलं असतं की हे कुठे कुठे उमटणार आहे, तर तुम्ही शिक्का आणि अ‍ॅप्रन लगेच सांगितलं असतं. मग ती रेघ जाड झाली असती, नथ गेली असती किंवा नुसती नथच राहिली असती. चित्र टाकून देऊ नका. मोठ्या पिशवीवर तेच ठेवा आणि शिक्क्यासाठी त्यातलंच लाटणं आणि नाव एवढंच जाड रेघेत काढून घ्या.

निनाद_९

प्रत्यक्ष जाणं सगळ्यांना जमत नाही. माझे निम्मे क्लायंट दुबईत आणि सुरतेत आहेत. फोनवर प्रश्न विचारले की "तुम्ही एक्स्पर्ट ना, तुम्हीच ठरवा" म्हणतात. मी आता त्यांना दुकानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगतो, न बोलता, नुसतं फिरत. त्यात बरंच कळतं. पण गिऱ्हाईक काय म्हणतं ते त्यातून कळत नाही, ते अडतंच.

शलाका_कराड

शनिवारी जाऊन आले. सकाळी नऊ ते दुपारी एक. जे सापडलं ते लिहिते, कारण मी केलेल्या आठही डिझाइनना त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

आधी ती घटना. अक्षरजुळणी, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. मुलगा पुण्यात कोथरूडच्या एका दुकानात बाटल्या ठेवतो. दिवाळीआधी दुकानदाराने वीस बाटल्या परत दिल्या. म्हणाला, "माल चांगला आहे, पण कुणी उचलत नाही. जरा गावठी वाटतं, मॉडर्न करा." हा शब्द तिथला आहे. मुलाने तो तसाच माझ्याकडे पाठवला.

त्या परत आलेल्या बाटल्या अजून खोक्यात होत्या. मी एक काढून खिडकीत ठेवली आणि नाव वाचताच येईना. दोन वर्षांपूर्वी एका छपाईवाल्याच्या सल्ल्याने त्यांनी कागदी लेबल सोडून पारदर्शक स्टिकर घेतलंय. त्यावर पिवळी अक्षरं, खाली पांढऱ्या शाईचा थर नाही, आणि मागे पिवळं तेल. नाव तेलात विरघळून गेल्यासारखं दिसतं. दिसते ती फक्त लाल सावली, तीही तुटक. बाटली अर्धी रिकामी झाली की वरच्या निम्म्या भागात अक्षरं दिसायला लागतात आणि खाली गायब. मी माझे सगळे पर्याय लॅपटॉपवर पांढऱ्या पानावर केले होते. त्यातही दोनात पिवळा होता.

गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं निघालं. गावातले आणि आसपासचे लोक किटली नाहीतर रिकामा डबा घेऊन येतात, तेल मोजून नेतात, काही जण पेंडही नेतात. ते लेबल बघतच नाहीत. दुसरे पुण्यातले, मूळचे याच भागातले लोक. ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाच लिटरचे कॅन मागवतात आणि दर पंधरवड्याला टेम्पो जातो. सगळ्यात जास्त पैसा इथून येतो. तिसरी ती दुकानं, एकूण चारच, पण मुलाला वाढवायची आहेत ती हीच.

मग मी विचारलं, लोक काय म्हणून मागतात? मुलाने फोन काढून मेसेज दाखवले. "अण्णांचं तेल २ कॅन", "अण्णा तेल आहे का", "कराडचं अण्णांचं तेल". तासभर बघत होते, लेबलवरचं नाव एकाही मेसेजमध्ये नाही! अण्णा म्हणजे त्याचे वडील. ते शेजारीच बसले होते, म्हणाले, "मला कधी सुचलंच नाही हे."

आणखी एक. मुलाला सगळं हिरवं करायचं होतं, नैसर्गिक वाटावं म्हणून. मी विचारलं, यातली कुठली गोष्ट बदलली तर गिऱ्हाईक तक्रार करेल? मुलगा म्हणाला, काहीच नाही. अण्णा म्हणाले, लाल झाकण. मागे एकदा लाल झाकणं संपली म्हणून निळी लावली होती, तर पुण्यातून चार फोन आले, "दुसऱ्याचं तेल पाठवलंत का?"

आता माझ्यापुढे दोन पेच आहेत. एक, नाव. ते बदलायला सांगणं माझ्या कामात बसतं का? दुसरा, बैल. अण्णांना बैल हवाच आहे. पण घाणा गेली बारा वर्षं मोटरवर चालतो. बैल नाही.

खोकीवाला

शलाकाताई, मी पुठ्ठ्याची खोकी बनवतो आणि छापतो, इचलकरंजीजवळ युनिट आहे. डिझाइनवाल्यांनी आम्हाला आधी विचारलं तर निम्मी भांडणं वाचतील, म्हणून लिहितो.

त्यांची खोकी तपकिरीच असणार, बारा बाटल्यांची. त्यावर आम्ही फ्लेक्सोने छापतो, रबरासारख्या ठशाने, एका नाहीतर दोन रंगांत. पुठ्ठा शाई पितो आणि ठसा दाबला की रेघ पसरते. त्यामुळे तुम्ही काढलेली रेघ आमच्याकडे जाडच होऊन येते, आणि रंगाच्या पट्ट्यात कोरलेली बारीक अक्षरं भरून जातात. माझ्या मशीनवर एक मिलिमीटरपेक्षा बारीक कोरीव रेघ मी घेतच नाही. मराठीत सगळ्यात आधी भरतात ती अक्षरांच्या आतली छिद्रं. 'ष' आणि 'क्ष' बघा, शाईचा गोळा होतो. आणि पिवळा रंग तपकिरीवर टाकू नका, चिखल दिसतो. लाल बरा उठतो, काळा सगळ्यात चांगला.

फाइल देताना मराठी मजकूर कर्व्हमध्ये करून द्या. कोरलमध्ये मजकूर निवडून `Ctrl+Q`. नाहीतर तुमचा फाँट आमच्याकडे नसतो आणि वेलांट्या-रफार इकडचे तिकडे होतात. एकदा एका लोणच्याच्या खोक्यांवर रफार भलत्याच अक्षरावर बसून छापला गेला, हजार खोकी होती. प्रूफ दोघांनीही नजरेखालून घातलं होतं, पण कुणी वाचलं नव्हतं. तेव्हापासून मी नाव मोठ्याने वाचायला लावतो.

मूळ फाइल मात्र कर्व्ह न केलेली स्वतःकडे जपून ठेवा. पुढे पत्ता बदलला तर ती लागते.

गोलचौकट

पारदर्शक स्टिकरखाली पांढरा थर टाकला की प्रश्न मिटला की. मग लोगो बदलायची गरजच काय? उलट जुने लोगो बदलून हात पोळलेल्या मोठ्या कंपन्या आहेत. गॅपने २०१० मध्ये लोगो बदलला आणि आठवडाभरात जुना परत आणला. बैल, पिवळा, कमान, सगळं तसंच ठेवा आणि लेबल नीट छापा.

अक्षरजुळणी

थराचं बरोबर आहे आणि ते लगेच करून घ्यावं, पुढच्या छपाईपासून. पण तेवढ्याने भागणार नाही. खोकीवाल्यांनी सांगितलं ते बघा, कमानीतली सावलीवाली अक्षरं खोक्यावर एका रंगात येणारच नाहीत. शिवाय गॅपची गोष्ट इथे लागू होत नाही. तिथे लोकांना ती निळी चौकट ओळखीची होती. इथे लोकांना लाल झाकण आणि अण्णा ओळखीचे आहेत, जुना लोगो कुणाच्या लक्षातही नाही. जे ओळखीचं आहे ते राखायचं.

शलाका, नावाबद्दल: ते बदलणं तुझं काम नाही, पण दिसलेलं सांगणं आहे. मेसेजचे दहा फोटो एका पानावर लाव आणि बापलेकांसमोर ठेव. निर्णय त्यांचा. मात्र तो निर्णय झाल्याशिवाय पुढे एकही रेघ काढू नकोस.

आणि नावात 'ल' नाहीतर 'श' असेल तर जपून. बऱ्याच देवनागरी फाँटमध्ये आपसूक हिंदी वळणाचा 'ल' आणि गाठीचा 'श' येतो. आपल्याकडे पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श', शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तेच आहेत. काही फाँटमध्ये मराठी वळण आत दिलेलं असतं, ते भाषा मराठी निवडल्यावर येतं. नसेल तर अक्षर हाताने बदलावं लागतं. घाण्यावरच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण परकं वाटेल.

शलाका_कराड

नावात दोन्ही आहेत! आणि माझ्या आठही पर्यायांत हिंदी 'ल' आहे. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

दप्तरी

मी लेबल आणि परवान्यांची कागदपत्रं करते. दोन-तीन गोष्टी आधीच विचारून घ्या, कारण त्या जागा खातात.

बाटलीच्या दर्शनी बाजूवर सगळी जागा लोगोची नसते. निव्वळ वजन-माप, शाकाहारी असल्याची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक हे सगळं लेबलवर बसवायचं असतं, शिवाय एमआरपी, पत्ता, तारखा. मापाच्या अक्षरांची कमीत कमी उंचीही नियमात ठरलेली आहे. एक लिटर शेंगदाणा तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. लिटरबरोबर ग्रॅमही द्यायचे असतात, त्याची ओळ धरून चाला. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत लागते. मराठी जोडीला खुशाल घाला, पण एकट्या मराठीवर भागत नाही.

दुकानाच्या पाटीचं याच्या उलट आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणून वर कुणीतरी म्हटलं तसं "इंग्रजी मोठं, मराठी खाली बारीक" असा जोड केलात तर तो घाण्याच्या पाटीवर लावताच येणार नाही. बाटलीला हा पाटीचा नियम नाही. पण दोन ठिकाणी दोन वेगळे जोड करण्यापेक्षा मराठी मोठं धरूनच सुरुवात करा.

"अण्णा" घ्यायचं ठरलं तर आधी ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात खाद्यतेलाच्या वर्ग २९ मध्ये बघून घ्या. इतकं सगळीकडे वापरलं जाणारं नाव कुणीतरी घेतलेलं असण्याची शक्यता भरपूर आहे. आणि नोंदणी झाल्याशिवाय वर्तुळातला आर लावू नका, त्याला कायद्याने दंड आहे.

घाटमाथा

बैलाबद्दल बोलतो. आमच्याकडे अजून बैलाचा घाणा आहे, एकच. दिवसाला निघतं ते तेल थोडं, म्हणून भाव जास्त. मोटरवाले बैलाचं चित्र लावतात आणि आमच्याच भावात विकतात. गिऱ्हाईक चित्र बघूनच जास्त पैसे देतं. अन्न सुरक्षा कायद्यात लेबल दिशाभूल करणारं नसावं असं स्पष्ट आहे. तुम्ही डिझाइन करणारे आहात, तुम्ही तरी हे काढायला नको का?

खोकीवाला

घाटमाथा, तुमचं दुखणं कळतं. पण बैल म्हणजे तीस वर्षांची त्यांची खूण आहे, सुरुवातीला बैल होताच. खोक्यांवर दिवसाला दहा बैल छापतो मी. गाईचं चित्र असलेल्या प्रत्येक तुपाच्या डब्यामागे दारात गाय बांधलेली असते का?

घाटमाथा

तूप गाईच्या दुधाचं असेल तर ती गाय खरी आहे, दारात असो-नसो. इथे घाणा कशाने फिरतो हेच सांगायला बैल आहे. मला पटत नाही.

दप्तरी

नुसतं चित्र आणि "बैल घाणा" असे शब्द यांत फरक आहे. शब्द लिहिले तर सरळ चूक. नुसत्या चित्रावर मी ठाम बोलणार नाही. कोण तपासतंय आणि लेबलवर बाकी काय लिहिलंय यावर ते ठरेल.

निनाद_९

अण्णांना बैल का हवा आहे, हे विचारलंय का कुणी?

शलाका_कराड

निनाद, तुझा प्रश्न घेऊन काल परत गेले. अण्णांनी सांगितलं, पहिला बैल कर्ज काढून घेतलेला. तो गेला तेव्हा दुसरा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मोटर आली. त्यांना लोगोत तो बैल हवा आहे, कुठलाही बैल नाही. मी काही बोलू शकले नाही.

मग मीच घाटमाथांचं म्हणणं त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "बाटलीवर नको मग. घाण्यावर राहू दे." घाण्याच्या भिंतीवर तीस वर्षांपूर्वी पेंटरने रंगवलेला बैल आहे, तो तसाच राहील. मुलाला अजून वाटतं की बाटलीवर छोटासा तरी असावा. ते दोघांत चाललंय.

नावाचं असं ठरलं. वर्ग २९ मध्ये शोधलं, अण्णा असलेली बरीच नावं आहेत. म्हणून जुनं नावच मुख्य, आणि त्याच्यावर लहान ओळ: "अण्णांच्या घाण्याचं". ही ओळ चालेल का ते दप्तरींना वेगळं विचारते. बाटलीवर आणि खोक्यावर ती येईल, शिक्क्यात नाही.

पांढऱ्या पानावर काम करणं बंद केलं. बाजारातून एक लिटरच्या तशाच चार बाटल्या आणल्या, तेल भरलं, लेबल खऱ्या मापात छापून चिकटवली. एकावर पांढऱ्या पट्टीत गडद लाल नाव, एकावर लाल पट्टीत पांढरं, एकावर काळं. चौथीवर जुनंच लेबल ठेवलं, तुलनेला. कराडमधल्या ओळखीच्या किराणा दुकानात दुपारच्या वेळी इतर तेलांच्या रांगेत ठेवल्या. दुकानदाराच्या गल्ल्यापासून शेल्फ साधारण सात फूट. तिथून उभं राहून फोटो काढले आणि दुकानात आलेल्या पाच बायकांना विचारलं, यातलं कुठलं नाव वाचता येतंय?

जुनं एकीलाही वाचता आलं नाही. पांढऱ्या पट्टीतलं लाल पाचही जणींनी वाचलं. लाल पट्टीतलं पांढरं नाव मला सगळ्यात देखणं वाटत होतं, पण त्या रांगेत लाल पट्ट्यांची आणखी दोन तेलं होती, त्यात ते मिसळून गेलं. ते मला घरी बसून कधीच कळलं नसतं.

खूण म्हणून घाण्याचं उखळ आणि त्यात तिरकी लाट, म्हणजे आत फिरणारं जाड लाकूड, एवढंच घेतलंय, दोन जाड आकारांत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोलात बसवून बघितलं, बोटाच्या नखाएवढं झालं तरी ओळखू येतं. एका काकूंनी मात्र विचारलं, "हा खलबत्ता आहे का? मसाल्याचं आहे का हे?" म्हणजे तिरक्या लाटेला जोडलेलं आडवं लाकूडही दाखवावं लागेल बहुतेक.

हे सगळं अर्ध्या पानावर लिहून मुलाला पाठवलं आणि "वाचून होय म्हणा" असं सांगितलं. त्यात मॉडर्न हा शब्द नाही. लिहिलंय ते असं: सात फुटांवरून मराठी नाव वाचता यावं. तपकिरी खोक्यावर एका रंगात उठावं. झाकण लालच राहील. मराठी मोठं, रोमन लिपीतलं नाव खाली. बाटलीवर बैल नाही, हे अजून चर्चेत. दोन फेऱ्या दुरुस्त्या, त्यापुढे वेगळे पैसे. रात्री साडेअकराला त्याचं उत्तर आलं, "हो ताई, हेच म्हणायचं होतं मला."

अक्षरजुळणी

आडवं लाकूड दाखव, पण त्याची जाडी लाटेएवढीच ठेव, नाहीतर खोक्यावर फक्त तेच तुटेल. आणि ते अर्धं पान अण्णांनाही वाचून दाखव. होय मुलाने म्हटलंय, घाणा अजून त्यांचा आहे.

पापडवाली_विजया

मी काल माझ्या पिशव्या सात फुटांवरून बघितल्या. नाव दिसत नाही, नुसती बाई दिसते. शलाकाताई, ८,००० चं मी उगाच बोलले. तुम्हाला मेसेज करते.

खोकीवाला

ताई, खोक्याचं बाहेरचं माप कळवा आणि खूण पाठवा. जुन्या ठशाच्या कोपऱ्यात जागा आहे, एक नमुना छापून देतो. लाटेला आडवं लाकूड लावून आणि न लावता, दोन्ही पाठवा.

शलाका_कराड

गुरुवारी पाठवते. माप घ्यायला परत घाण्यावर जावं लागेल. अण्णांना ते पानही तेव्हाच वाचून दाखवेन.